उष्टावणाचा व्हिडिओ, मामाचा मान आणि मधाचं बोट

"मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. माझी मुलगी 12 मेची. सासूबाई म्हणतात, पोरीचं उष्टावण पाचव्यातच करतात. जाऊबाईंनी घरच्या ग्रुपवर एक हिंदी व्हिडिओ टाकलाय. त्यात सगळं क्रमानं दाखवलंय: बाळ मामाच्या मांडीवर, पहिला घास मामाचा, दही-मध-तूप कालवलेला भात, मग खीर, तळलेली मासळी, शेवटी ताटात माती, पेन, पुस्तक आणि सोनं. मासळी सोडून बाकी सगळं तसंच करायचं असं घरात ठरलंय. मला भाऊ नाही. थोरली बहीण आहे, माझं बाळंतपण तिनंच काढलं. पण सासूबाई म्हणतात, मावशीनं भरवलेलं चालत नाही, यांच्या एखाद्या मित्राला मामा करू. डॉक्टरांनी सांगितलंय की सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि वर्षाच्या आत मध नाही. सासूबाई म्हणतात, शास्त्रात मध आहे. कुणाचं ऐकू? साठ माणसांना सांगून झालंय."

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: मासळी सोडून बाकी सगळं तसंच. म्हणजे त्या व्हिडिओतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं याची निवड तुमच्या घरानं आधीच सुरू केली आहे. मासळी आपल्या घरातली नाही, म्हणून ती कुणीही वाद न घालता बाजूला ठेवली. मग बाकीच्या गोष्टीही एकेक करून बघायला काय हरकत आहे?

तुम्ही लिहिलंय त्यावरून तो व्हिडिओ बंगाली घरातला दिसतो. तिकडे या विधीला 'मुखे भात' म्हणतात. बाळाला नवरदेवासारखं सजवतात, मामा किंवा आजोबा पायेश म्हणजे तांदळाची खीर भरवतात, पानात मासळी असते आणि मग बाळापुढे माती, पुस्तक, लेखणी, सोनं ठेवून ते कशाला हात घालतं हे कौतुकानं बघतात. केरळात हाच विधी 'चोरूणू'. तिथं पुष्कळ लोक तो घरी न करता देवळात करतात, गुरुवायूरला त्यासाठी लेकरं घेऊन येतात. आपल्याकडे मराठवाड्यात त्याचं नाव उष्टावण. पाट, पाटाभोवती रांगोळी, औक्षण, मामानं आणलेली चांदीची वाटी आणि नवं झबलं-टोपडं, आणि सोन्याच्या अंगठीनं ओठाला लावलेली खीर. तिन्हीकडे बाळाच्या तोंडी पहिलं अन्न तांदळाचंच जातं. भोवतीचं सगळं ज्या त्या मुलखाचं आहे. व्हिडिओत एक घर दिसतं. ते घर सगळ्यांसाठी नियम घालून देत नाही.

आता शास्त्र. सासूबाईंचं बरोबर आहे, मध शास्त्रात आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात अन्नप्राशनाचं प्रकरण आहे, 'षष्ठे मासि' अशी त्याची सुरुवात आहे, आणि दही, मध, तूप मिसळलेलं अन्न खाऊ घालावं असं तिथं स्पष्ट म्हटलंय. पण त्याच्याच आधी, अन्नाची समृद्धी हवी असेल तर बोकडाचं मांस आणि ब्रह्मतेज हवं असेल तर तित्तिर पक्ष्याचं मांस द्यावं असंही म्हटलंय. हे तुमच्याकडे कुणी करणार आहे का? नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्यातलं आपल्या घराला आणि बाळाला मानवेल तेवढं घेतलं.

आणखी दोन गोष्टी त्या सूत्रात नाहीत, आणि तुमच्या घरातला सगळा वाद त्या दोहोंवरच चालू आहे. मुलीसाठी वेगळा महिना तिथं सांगितलेला नाही. मुलीचं करताना मंत्र म्हणू नयेत एवढाच फरक केलाय, आणि तो आज आपण पाळावा असं मला मुळीच वाटत नाही. मुलाचं सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात हा रिवाज नंतर रुळला. दुसरं म्हणजे मामा. सूत्रात विधी करणारा बाप आहे. मामाचा उल्लेखही नाही.

मग आपल्याकडे मामा कसा आला? तुम्ही स्वतः माहेरवाशीण आहात, तुम्हाला हे कळायला वेळ लागणार नाही. लेक सासरी गेली तरी तिच्या लेकरावर तिच्या माहेराचाही हक्क आणि माया आहे, हे चारचौघांत दाखवायची जी मोजकी ठिकाणं आहेत त्यातलं उष्टावण एक. मामाची मांडी म्हणजे माहेरची मांडी. भाऊ असला तर माहेराच्या वतीनं तो बसतो. नसला तर कुणी बसायचं? मला तरी याचं एकच उत्तर दिसतं: जिनं चाळीस दिवस तुमच्या बाळाचे लंगोट धुतले, रात्री शेकशेगडी केली, ती. नवऱ्याच्या मित्राला मामा करण्यात पाप नाही. तो खरोखर पुढेही मामा म्हणून येत-जात राहणार असेल तर आनंद आहे. पण एका दिवसापुरता पाटावर बसवलेला मामा माहेरचा नसतो, आणि त्याच्यासाठी सख्ख्या मावशीला मागं उभं करणं तुमच्या बहिणीला आयुष्यभर लागून राहील.

सासूबाईंना हे कसं सांगायचं? त्यांना बहुधा मावशीचं वावडं नाही. 'हिच्या माहेरचं कुणी नव्हतं का' असं साठ माणसांत कुणीतरी म्हणेल ही त्यांची धास्ती असावी. तुमचे वडील असतील तर बाळाला आजोबांच्या मांडीवर बसवा आणि भरवू द्या मावशीला. वडील नसतील तर चुलत किंवा मावसभावाच्या मांडीवर बसवा. म्हणजे मांडी पुरुषाची हवी हा सासूबाईंचा आग्रह राहील आणि घास मायेच्या हातचा जाईल. पहिला घास तुमचा स्वतःचा असावा असं तुम्हाला वाटत असेल तर तेही मोकळेपणानं सांगा. आईनं भरवू नये असं कुठेही लिहिलेलं नाही.

तारखेचा प्रश्न त्या मानानं सोपा आहे. फक्त बोटांवर नीट मोजायला हवं. मुलगी 12 मेची, म्हणजे तिचा पाचवा महिना 12 सप्टेंबरला लागतो. त्या दिवशी तिचे फक्त चार महिने पूर्ण झालेले असतात. घरात 'पाचवा' म्हणतात तेव्हा चालू महिना धरतात आणि डॉक्टर 'सहा महिने' म्हणतात तेव्हा पूर्ण झालेले महिने धरतात. निम्मी भांडणं या मोजणीच्या फरकातून होतात. तुमच्या मुलीचे सहा महिने 12 नोव्हेंबरला पूर्ण होतात आणि त्याच दिवशी सातवा लागतो. सात विषम आहे! रिवाजही पाळला जातो आणि डॉक्टरांचंही ऐकलं जातं. सासूबाईंना एवढंच म्हणा, 'आई, पाचव्यातलं नको, सातव्यातलं काढू.' 12 नोव्हेंबर ते 11 डिसेंबर यातला कोणताही दिवस भटजींकडून काढून घ्या. साठ जणांना तारीख बदलल्याचा फोन करावा लागेल, तो करा.

मुलगा असणाऱ्या वाचकांनी मात्र जपून मोजावं. चालू सहावा धरला तर पाचच महिने भरलेले असतात आणि आठव्याची वाट बघितली तर उशीर होतो. तिथं 'सहा भरले' असंच धरून चालावं. आणि लेकरू दिवसांआधी जन्मलेलं असेल तर सुरुवात कधी करायची हे त्याच्या डॉक्टरांनाच विचारावं.

कॅलेंडरपेक्षाही मी बाळाकडे बघायला सांगीन. टेकू दिल्यावर ते बसतं का, मान सावरतं का, तुम्ही भाकरीचा तुकडा तोंडाकडे नेता तेव्हा त्याची नजर हाताबरोबर जाते का आणि ते तोंड उघडतं का. चार महिन्यांच्या बाळाच्या जिभेवर काही ठेवलं की जीभ ते आपोआप बाहेर ढकलते. लोक म्हणतात, 'खीर आवडली नाही.' तसं नसतं. गिळण्याची तयारी झालेली नसते, म्हणून शरीर घास परत पाठवतं. पाचव्या महिन्यातल्या उष्टावणाच्या फोटोंत बहुतेक लेकरांच्या हनुवटीवर खीर दिसते ती यामुळेच.

आता मध. इथं मी तडजोड सुचवणार नाही. बारा महिने पूर्ण होईपर्यंत मध नाही, बोटभरही नाही, ओठाला लावण्यापुरताही नाही. मधात कधीकधी एका जिवाणूचे बीजाणू असतात, त्याला क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम म्हणतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत. तान्ह्या बाळाचं आतडं अजून तयार झालेलं नसतं, तिथं ते रुजतात आणि विष तयार करतात. ते विष स्नायू लुळे करतं. मध शुद्ध आहे, रानातला आहे, आमच्या ओळखीच्या माणसानं पोळं काढून आणलाय, याचा इथं काही उपयोग नाही, कारण बीजाणू भेसळीतून येत नाहीत. ते मातीत आणि धुळीत असतात आणि तिथून मधात येतात. मध उकळूनही ते मरत नाहीत. खिरीत घालून शिजवला म्हणजे चालेल असं कुणी म्हटलं तर तेही चुकीचं आहे.

हा आजार क्वचित होतो. म्हणूनच प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं, 'आम्ही सगळ्यांना चाटवला, कुणाला काही झालं नाही.' ते खरं असतं. पण कोणत्या बाटलीत बीजाणू आहेत हे वासानं, रंगानं, चवीनं ओळखता येत नाही. शिवाय लक्षणं त्याच दिवशी दिसत नाहीत. कधी तीन-चार दिवसांनी दिसतात, कधी तीन-चार आठवड्यांनी. तोवर उष्टावणाचा मंडप उतरलेला असतो आणि मधाची आठवण कुणालाच येत नाही. पहिलं लक्षण बहुधा शी न होणं. मग रडण्याचा आवाज बारीक होतो, दूध ओढण्याचा जोर कमी होतो, पापण्या जड होऊन खाली येतात, मान आणि हातपाय सैल पडतात. ज्या वाचकांच्या घरी मध आधीच चाटवून झाला असेल त्यांनी घाबरून जाऊ नये, पण यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावं आणि मध दिला होता हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावं. लाजेपोटी ते लपवू नये.

सासूबाईंना शास्त्राचाच आधार हवा असेल तर त्यांना अन्नप्राशनाचा मंत्र ऐकवा: 'अन्नपतेऽन्नस्य नो देह्यनमीवस्य शुष्मिणः'. हे अन्नाच्या स्वामी, आम्हाला रोग नसलेलं आणि बळ देणारं अन्न दे. 'अनमीव' म्हणजे ज्यात रोग नाही ते. हा मंत्र म्हणायचा आणि त्याच ताटात बाळाला धोका असलेली वस्तू ठेवायची, हे त्यांनाही पटणार नाही. दही आणि तूप राहू द्या. ताजं, आंबट नसलेलं घरचं दही आणि तुपाचे दोन थेंब मऊ भातात चालतात. मधाची वाटी देवापुढे ठेवा. नैवेद्य म्हणून ती पूजेत असेलच.

अंगणवाड्यांच्या कामात मी बरीच वर्षं घालवली आणि शेकड्यांनी उष्टावणं पाहिली. त्यात सगळ्यात जास्त चुकते ती खीर. बाळाच्या नावानं पातेलंभर खीर होते, तीत वाटीभर साखर, वेलदोडा, काजूचे तुकडे, चारोळ्या आणि वरून किसलेलं जायफळ असतं. त्यातलीच एक वाटी बाळापुढे येते. बाळाला साखर आणि मीठ वर्षभर लागत नाही. काजूचा तुकडा किंवा चारोळी घशात अडकू शकते. जायफळ गुंगी आणतं म्हणून मुद्दाम घालणारेही असतात, ते अजिबात नको.

बाळाची वाटी वेगळी करा. मी ती अशी करते. पोह्याच्या चमच्यानं एक चमचा तांदूळ धुऊन फडक्यावर वाळवायचा, अर्धा लहान चमचा तुपात मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत परतायचा, गार झाला की मिक्सरमध्ये फिरवून रव्यासारखी कणी काढायची. ती कपभर पाण्यात गुठळी न होऊ देता दहा-बारा मिनिटं शिजवायची आणि शेवटी दोन-तीन चमचे दूध घालून एक उकळी आणायची. वर्षाच्या आत गाईचं दूध पोटभर प्यायला देऊ नये, पण शिजवण्यात एवढं चालतं. त्याऐवजी खीर कोमट झाल्यावर अंगावरचं दूध काढून घातलं तर फार चांगलं. बाळाला ती चव ओळखीची असते. गोडी हवीच असेल तर पिकल्या केळ्याचा चमचाभर गर कुस्करून घाला. दाटपणा असा ठेवा की चमचा तिरका केला तर खीर हळूहळू घसरेल, पाण्यासारखी ओघळणार नाही. पातळ खीर भरवायला सोपी वाटते, पण तिच्यात पाणीच जास्त असतं. गार झाल्यावर ती घट्ट होते, म्हणून आयत्या वेळी उकळून कोमट केलेलं पाणी जवळ ठेवा. एवढं झालं की पाहुण्यांच्या पातेल्यात साखर, सुका मेवा, काय हवं ते घाला.

अंगठीबद्दल. अंगठीनं खीर चाटवायची असते हे मलाही मनापासून आवडतं. पण तिच्या नक्षीत साबणाचा, मळाचा काळा थर बसलेला असतो, एकदा सुईनं काढून बघा. खडा नसलेली साधी अंगठी घ्या, ब्रशनं घासा, पाच मिनिटं उकळा आणि तिनं फक्त ओठाला स्पर्श करा. घास चमच्यानं किंवा साबणानं धुतलेल्या बोटानं. चांदीची नवी वाटी आणि चमचाही आधी उकळून घ्या, कारण दुकानातलं पॉलिश त्याला असतंच.

आणि साठ माणसं. व्हिडिओत सगळे रांगेनं येऊन घास देताना दिसतात, तो भाग कापून जोडलेला असतो. बाळाचं रडणं त्यात येत नाही. साठ सोडा, पंधरा जणांनी एकेक चमचा दिला तर ते लेकरू पहिल्याच दिवशी वाटीभर जेवलं, आणि पहिल्या दिवशी त्याला दोन-तीन लहान चमचे पुरतात. तुम्ही पाच जण ठरवा: मावशी, आजोबा, दोन्हीकडच्या आज्या आणि बाबा. प्रत्येकानं तांदळाच्या चार दाण्यांएवढं द्यायचं. बाकीच्यांनी औक्षण करावं, अक्षता पायांवर टाकाव्यात, डोक्यावर नको, डोळ्यात जातात. ज्यांना सर्दी-खोकला आहे त्यांनी लांबून आशीर्वाद द्यावेत, आणि हे सांगायचं काम तुम्ही नका करू, ते सासूबाईंकडे द्या. त्यांच्या शब्दाला कुणी वाईट मानणार नाही. वेळ बाळाच्या झोपेनंतरची घ्या. अंगावर थोडं पाजून झालेलं असावं, फार भुकेलं लेकरू नवी चव घेत नाही आणि पोट भरलेलं असलं तर ओकतं. जरीचं टोचणारं झबलं फोटोपुरतं घाला, भरवताना सुती असू द्या.

बाळानं तोंड फिरवलं तर ओठाला खीर लागली तेवढ्यात उष्टावण झालं. गाल दाबून तोंड उघडायचं नाही. पाटावर निजवून भरवायचं नाही, मांडीवर ताठ बसवूनच.

पेन-पुस्तकाचं ताट ठेवायचं असेल तर ठेवा, गंमत आहे. फक्त नाणी, मणी, टोपण निघणारं पेन ठेवू नका, कारण या वयात जे हाती येतं ते तोंडात जातं. मातीऐवजी ज्वारीचं कणीस ठेवलंत तर आपल्याकडचं वाटेल. बाळाच्या हातून मात्र ते लगेच काढून घ्या.

दुसऱ्या दिवसाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तेही लिहिते. कार्यक्रम होतो, फोटो निघतात आणि मग बरीच घरं पुन्हा महिनाभर फक्त दुधावर राहतात, नाहीतर वरणाचं वरचं पाणी पाजत बसतात. सहा महिन्यांनंतर बाळाला दुधाबरोबर खरं अन्न लागतं, मुख्यतः लोह, आणि नुसत्या तांदळात ते फारसं नसतं. म्हणून 13 तारखेला, किंवा जो दिवस ठरेल त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी पुन्हा दोन-तीन चमचे, संध्याकाळी पुन्हा. दोन-तीन दिवस तांदूळ पचला की मुगाची डाळ घालून गाळ शिजवलेली खिचडी घ्या, डाळीचं पाणी नव्हे, डाळ कुस्करून. मग भोपळा, पालक, चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून, ज्वारीच्या पिठाची पेज. नवा पदार्थ एका वेळी एकच, म्हणजे अंगावर पुरळ आलं किंवा उलटी झाली तर कशानं ते कळतं. महिन्याभरात अर्ध्या वाटीपर्यंत जा, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि अंगावरचं दूध चालूच. अंगणवाडीत नाव असेल तर सहा महिन्यांपासून घरी न्यायचा आहार मिळतो आणि आशाताईंकडे लोहाचं औषध असतं, आठवड्यातून दोनदा 1 मिली. त्यांना आधीच सांगून ठेवा.

तुमच्या बहिणीला आजच फोन करा. नोव्हेंबरात सुट्टी काढायची तर तिला आताच कळायला हवं. आणि चांदीची वाटी तिलाच आणू द्या.